तपासनीस वेगळा का हवा?

समजा, चॅटबॉटकडून गणिताची प्रश्नपत्रिका उत्तरांसह तयार करून घ्यायची आहे. एकाच सूचनेत तपासणीही मागितली, तर आधी लिहिलेले उत्तर त्याच्यासमोरच असते आणि पुष्कळदा तो त्यालाच दुजोरा देतो. म्हणून तीन स्वतंत्र संवाद करावेत. नियोजक घटकवार गुण ठरवील, लेखक प्रश्न व उत्तरे लिहील. तपासनीसाला मात्र फक्त प्रश्न द्यावेत. ‘100 रुपयांची किंमत 20 टक्के वाढवून मग 20 टक्के घटवली, तर किती?’ लेखकाने 100 लिहिले आणि तपासनीसाने 120 वरून 96 काढले, की चूक उघडी पडते. उत्तरे जुळली तरी खात्री नसते. मॉडेल एकच असल्याने दोघेही सारखेच चुकू शकतात. जिथे पडताळण्याजोगे उत्तरच नाही, अशा साध्या पत्राला एक सूचना पुरते.