‘आठ दिवसांत’ म्हणजे नेमके किती दिवस?

फ्रिज घरी येतो, खोका फुटतो, थर्माकोल माळ्यावर जातो आणि त्यासोबतचं वॉरंटी कार्ड कपाटातल्या कागदांच्या पिशवीत. ते पुन्हा बाहेर निघतं ते फ्रिज बंद पडल्यावरच. अशी कार्डं इंग्रजीतून मराठीत आणणं हा माझ्या कामाचा एक भाग आहे. लिहिताना माझ्यासमोर तोच माणूस असतो: ज्याचं दूध नासलंय आणि जो कार्डावरच्या एकेका शब्दाला धरून सर्व्हिस सेंटरशी बोलणार आहे.

एका फ्रिजचं कार्ड तपासायला आलं होतं. इंग्रजीत लिहिलं होतं की, संपूर्ण फ्रिजला खरेदीच्या तारखेपासून एक वर्ष आणि कॉम्प्रेसरला त्यापुढे आणखी नऊ वर्षं वॉरंटी राहील. मराठी मसुद्यात वाक्य आलं होतं, ‘फ्रिजवर १ वर्ष व कॉम्प्रेसरवर ९ वर्षांची वॉरंटी’. वाचायला सुटसुटीत, पण चूक. ‘त्यापुढे आणखी’ गळल्यामुळे कॉम्प्रेसरचं एक पूर्ण वर्ष नाहीसं झालं. ऑक्टोबर २०१५ मध्ये घेतलेल्या फ्रिजचा कॉम्प्रेसर मार्च २०२५ मध्ये बंद पडला, तर इंग्रजी कार्डानुसार तो वॉरंटीत आहे आणि मराठी कार्डानुसार वॉरंटी पाच महिन्यांपूर्वीच संपलेली आहे. आम्ही ते असं केलं: ‘पहिलं वर्ष संपूर्ण फ्रिजला, त्यानंतर आणखी ९ (नऊ) वर्षं फक्त कॉम्प्रेसरला, म्हणजे कॉम्प्रेसरला एकूण १० (दहा) वर्षं.’ आकड्यासोबत अक्षरी संख्याही लिहिली, कारण बारीक छपाईत देवनागरी १ आणि ९ एकमेकांसारखे दिसतात. नेमके हेच दोन आकडे या कार्डावर होते.

त्या वाक्यातला ‘फक्त’ही महत्त्वाचा. पहिल्या वर्षानंतर कॉम्प्रेसर हा सुटा भाग तेवढा मोफत मिळणार होता. गॅस भरणं, कारागिराची मजुरी आणि ने-आण यांचे पैसे ग्राहकाने द्यायचे होते. मूळ कार्डात हे सलग तीन शब्दांत उरकलं होतं. मराठीत त्यासाठी वेगळं वाक्य हवं आणि ते ‘दहा वर्षं’ या शब्दांच्या लगेच खाली हवं, मागच्या पानावरच्या अटींत नव्हे.

आता मुदती. वाहतुकीत झालेलं नुकसान फ्रिज घरी पोहोचल्यापासून सात दिवसांच्या आत कळवावं, अशी एक अट होती. मसुद्यात ‘आठ दिवसांत कळवावे’ असं होतं. लिहिणारा माणूस निष्काळजी नव्हता. आपण आठवड्याला ‘आठ दिवस’च म्हणतो. ‘आठ दिवसांनी येतो’ म्हणणारा पाहुणा सोमवारी निघाला तर पुढच्या सोमवारी येतो. दोन आठवड्यांना आपण ‘पंधरा दिवस’ म्हणतो. बोलण्यात हे अगदी बरोबर आहे, पण आठव्या दिवशी फोन करणाऱ्या ग्राहकाचा दावा त्या एका शब्दावर फेटाळला जाऊ शकतो. तसंच ‘३० दिवस’ म्हणजे ‘एक महिना’ नव्हे. लीप वर्ष नसेल तर ३१ जानेवारीपासून एक महिना २८ फेब्रुवारीला भरतो आणि तीस दिवस २ मार्चला. मुळात दिवस असतील तर मराठीत दिवसच, महिने असतील तर महिनेच.

याहून अवघड ‘पासून’. ‘१ तारखेपासून ५ तारखेपर्यंत सुट्टी’ म्हटलं की आपण पाच दिवस मोजतो, पहिला दिवस धरून. भारतातल्या कायद्यांसाठी मात्र १८९७च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाचं नवव्या कलमातलं सूत्र आहे: इंग्रजी मजकुरात ‘पासून’ या अर्थाचा शब्द असेल, तर पहिला दिवस वगळला जातो. ते सूत्र कायद्यांच्या मजकुरासाठी आहे, कंपनीच्या कार्डावर ते आपोआप लागू होतं असं नाही. मग फ्रिज शनिवारी आला तर सातवा दिवस शुक्रवार की पुढचा शनिवार? हे भाषांतरकाराने ठरवायचं नसतं. मी कंपनीला लेखी विचारलं. उत्तर आलं की, पोहोचल्याचा दिवस धरायचा नाही. मग त्यांच्या संमतीने कंसात उदाहरण छापलं: ‘फ्रिज १ तारखेला मिळाला, तर ८ तारखेपर्यंत कळवावे, ८ तारीख धरून.’

वगळलेल्या गोष्टींच्या यादीत वेगळाच घोटाळा होतो. इंग्रजी कार्डात दोन प्रकारची वाक्यं असतात. एक म्हणतं, विजेचा दाब कमीजास्त झाल्याने होणारं नुकसान वॉरंटीत येत नाही. दुसरं म्हणतं, अनधिकृत माणसाने फ्रिज उघडल्यास किंवा अनुक्रमांक खोडल्यास वॉरंटीच रद्द होईल. पहिल्यात फक्त त्या कारणाने झालेला बिघाड बाहेर राहतो. बाकी वॉरंटी जिवंत असते. दुसऱ्यात सगळी वॉरंटी जाते. मराठी कार्डांवर दोन्हींसाठी एकच वाक्य भेटतं, ‘वॉरंटी लागू राहणार नाही’. मग दाबामुळे एकदा सर्किट जळालेल्या माणसाला वाटतं की आपली वॉरंटीच संपली, आणि सहा महिन्यांनी दाराचा सांधा निखळतो तेव्हा तो दावाच करत नाही. मी पहिल्यासाठी ‘हे नुकसान वॉरंटीत समाविष्ट नाही’ आणि दुसऱ्यासाठी ‘संपूर्ण वॉरंटी रद्द होईल’ असे दोन ठरावीक साचे ठेवते. एकाच्या जागी दुसरा कधीही वापरत नाही.

मराठीत विशेषणं नामाच्या आधी येतात, त्यामुळेही यादी बिघडते. या कार्डात दाराचं रबर, काचेचे कप्पे आणि प्लॅस्टिकचे ट्रे वगळले होते. निर्मितीदोष असेल तर मात्र नाही, अशी सवलत इंग्रजी वाक्याच्या शेवटी होती आणि ती तिन्हींना लागू होती. मसुद्यात झालं, ‘दाराचे रबर, काचेचे कप्पे व निर्मितीदोष नसलेले प्लॅस्टिकचे ट्रे’. सवलत ट्रेपुरतीच उरली आणि पहिल्या महिन्यात सुटलेल्या सदोष रबराचे पैसे ग्राहकावर आले. उपाय सोपा होता: वाक्य तोडायचं. आधी तिन्ही नावं, मग नव्या वाक्यात ‘मात्र यांपैकी कोणत्याही भागात निर्मितीदोष आढळल्यास त्या भागाला वॉरंटी लागू राहील.’

‘दुरुस्त किंवा बदलून मिळेल’ या वाक्याबद्दल मी कधीच तडजोड करत नाही. इंग्रजीत तिथे स्पष्ट असतं की दुरुस्त करायचं की बदलायचं हे कंपनी ठरवेल. मराठीतून कर्ता गेला की निवड आपल्या हातात आहे असं ग्राहक समजतो. दुकानात तर ‘गॅरंटी म्हणजे बदलून, वॉरंटी म्हणजे दुरुस्त करून’ ही समजूत पक्की आहे, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. बदललेल्या भागाचंही तसंच. त्याला नवी वर्षभराची वॉरंटी मिळत नव्हती, ‘मूळ वॉरंटीची जेवढी मुदत शिल्लक असेल तेवढीच’ मिळत होती. ग्राहकाला न आवडणारी ही अट गुळगुळीत शब्दांत लपवली, तर फसवणूक भाषांतरकारानेच केल्यासारखी होते.

शेवटची तपासणी मी दोनदा करते. आधी इंग्रजी कार्डातले सगळे आकडे, तारखा आणि ‘जे आधी घडेल ते’सारखी जोडवाक्यं एका कागदावर उतरवून मराठीतल्या प्रत्येकावर खूण करते. मग मूळ कार्ड न पाहिलेल्या माणसाच्या हातात फक्त मराठी देते आणि प्रसंग सांगते. या फ्रिजच्या वेळी शेजारच्या काकूंना विचारलं, ‘काकू, चौथ्या वर्षी कॉम्प्रेसर गेला, तर तुम्हाला किती खर्च येईल?’ त्यांनी कार्ड खिडकीपाशी नेलं, चष्मा लावला आणि म्हणाल्या, ‘कॉम्प्रेसर फुकट. गॅस, मजुरी आणि टेम्पो माझा. पण गं, गॅसचा दर कुठे लिहिलाय?’ तो मुळातही नव्हता. कंपनीला पाठवायच्या प्रश्नांच्या यादीत मी तो सर्वांत वर लिहिला.