शेवटचा भाव आणि तुमचा भाव

एखाद्या छोट्या कंपनीच्या शेअरचा भाव स्क्रीनवर १८२ रुपये दिसतो. हा भाव शेवटच्या सौद्याचा असतो. तो सौदा कदाचित अर्ध्या तासापूर्वी दहाच शेअरचा झाला असेल. तुम्हाला दीड हजार शेअर घ्यायचे असतील, तर या आकड्याचा फारसा उपयोग नाही. आधी मार्केट डेप्थ उघडायला हवी.

तिथे खरेदीदारांचे सर्वोत्तम पाच भाव आणि विक्रेत्यांचे सर्वोत्तम पाच भाव दिसतात, प्रत्येकासमोर शेअरची संख्याही. समजा, सर्वात चढा खरेदीदार १८०.५० देतोय आणि सर्वात स्वस्त विक्रेता १८४ मागतोय. मधली साडेतीन रुपयांची दरी म्हणजे स्प्रेड, जवळपास दोन टक्के. मोठ्या, रोज भरपूर उलाढाल होणाऱ्या शेअरमध्ये ही दरी बहुधा काही पैशांचीच असते.

आता विक्रेत्यांची बाजू वाचूया. १८४ ला १५० शेअर, १८५ ला २००, १८६.५० ला १००, १८८ ला ४०० आणि १९० ला ६५०. बेरीज बरोबर दीड हजार. मार्केट ऑर्डर टाकली, तर ती ही पाचही पायऱ्या चढत जाते आणि सरासरी भाव पडतो सुमारे १८८ रुपये. दरीच्या मध्यावरचा भाव १८२.२५ धरला, तर साडेआठ हजारांहून जास्त रक्कम केवळ घाईपोटी गेली. हा खर्च ब्रोकरेजसारखा कुठल्या बिलात वेगळा लिहून येत नाही, म्हणून तो मला जास्त धोक्याचा वाटतो.

खाली दिसणाऱ्या एकूण खरेदी-विक्रीच्या आकड्यांवर विसंबू नये. त्यात फार दूरच्या भावाच्या ऑर्डरीही मोजलेल्या असतात. शिवाय दिसणारी ऑर्डर क्षणात रद्द होऊ शकते. उलट, काही मोठ्या ऑर्डरींचा एक छोटा भागच दाखवलेला असतो. म्हणून थोड्या थोड्या वेळाने डेप्थ पाहावी, आणि गेल्या काही दिवसांत रोज किती शेअर हातबदल झाले तेही. रोज जेमतेम चार हजार होत असतील, तर दीड हजार म्हणजे दिवसाच्या उलाढालीचा एक तृतीयांशाहून मोठा हिस्सा.

अशा वेळी १८५ ची लिमिट ऑर्डर टाकावी. लगेच साडेतीनशे शेअर मिळतील, उरलेली ऑर्डर त्याच भावाला रांगेत थांबेल. नवे विक्रेते आले तर ती भरेल, नाहीतर दिवसअखेर रद्द होईल. पण थांबलेली मोठी ऑर्डर सगळ्यांना दिसते आणि विक्रेते भाव ताणतात, म्हणून ती दोन-तीनशेच्या तुकड्यांत टाकलेली बरी. यात काही दिवस जातील, तोवर भाव वर निघूनही जाईल. ही जोखीम पत्करावी लागते.

खरेदीदारांची बाजूही त्याच वेळी वाचावी, कारण अडचणीत विकायचे झाले तर माल तिथेच जाणार आहे. तिथे १८० च्या आसपास चारशे-सव्वाचारशे शेअरचेच गिऱ्हाईक असेल, तर दीड हजार शेअर घ्यायचेच का, हा प्रश्न ऑर्डर टाकण्याआधीचा आहे.