फोन भिजला? तांदूळ डब्यातच राहू द्या!

फोन वॉशरूमच्या बेसिनमध्ये पडला, की ऑफिसात कुणीतरी हमखास म्हणणार, ‘अरे, तांदळात ठेव!’ प्लीज, नका ठेवू. नुसतं पाणी फोनला लगेच मारत नाही. मारतो तो ओल्या सर्किटमधून खेळणारा करंट. नळाच्या पाण्यातही क्षार असतात, त्यामुळे बोर्डावरचा धातू झपाट्याने गंजतो. म्हणून आधी फोन ऑफ करा. ‘चालतोय का बघू’ हा मोह टाळा आणि चार्जर तर लांबच ठेवा.

कव्हर, सिमचा ट्रे काढा. चार्जिंगचं तोंड खाली धरून फोन तळहातावर हलकेच ठोका आणि दिवसभर पंख्याच्या वाऱ्यावर ठेवा. हेअर ड्रायर नको, उष्णतेने स्क्रीनचा गोंद सुटू शकतो.

तांदूळ बंद फोनच्या आतलं पाणी ओढून घेत नाही. उलट डब्यात वारा लागत नाही आणि कण पोर्टमध्ये अडकतात. २०२४ मध्ये अ‍ॅपलनेही ग्राहकांना ‘तांदूळ नको’ असंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी फोन सुरू झालाच, तर तो आपोआप सुकलेला असतो. श्रेय मात्र बासमतीला! क्षार आतच राहतात आणि पुढे कधीतरी चार्जिंग बंद पडतं.

चहा किंवा समुद्राचं पाणी सांडलं असेल, तर सुकायची वाट बघू नका. त्याच दिवशी रिपेअरवाल्याकडून फोन उघडून बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करून घ्या. बऱ्याच फोनमध्ये सिमच्या खाचेत एक पांढरा ठिपका असतो. तो लाल झाला असेल, तर पाणी तिथवर पोचलंय.