हो, नाही आणि ‘अजून कळलं नाही’

`success@razorpay` हा यूपीआय पत्ता कुठल्याही बँक खात्याचा नाही. तो टाकून पैसे दिले की एकही पैसा न हलता ‘पेमेंट यशस्वी’ असं उत्तर येतं. `failure@razorpay` टाकला की तितक्याच ठामपणे नकार येतो. रेझरपेच्या टेस्ट मोडमध्ये, म्हणजे सरावाच्या आवृत्तीत, डेव्हलपरांना आपला प्रोग्रॅम तपासता यावा म्हणून हे दोन पत्ते दिलेले आहेत. अशा सरावाच्या जागेला सँडबॉक्स म्हणतात, आणि जिथे खरे ग्राहक खरे पैसे देतात ती प्रॉडक्शन. दोन्हीकडे संदेशांचा साचा सारखाच असतो. वरवर पाहिलं तर फरक फक्त किल्लीचा दिसतो: एक `rzp_test_` ने सुरू होते, दुसरी `rzp_live_` ने. किल्ली बदलली की दुकान सुरू, असं वाटणं साहजिक आहे. पण सँडबॉक्समध्ये विचारलेल्या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ असं उत्तर लगेच येतं. खऱ्या जगात तिसरंही उत्तर येतं, ‘अजून कळलं नाही’, आणि बरेचसे प्रोग्रॅम तिथेच अडखळतात.

एक उदाहरण कल्पून पाहू. देवगडच्या एका बागायतदाराने हापूसच्या पेट्या विकायला वेबसाइट केली. पेटीचा भाव ३,००० रुपये, आणि आज पाठवायला ४० पेट्या तयार. ग्राहकाने ‘विकत घ्या’ दाबलं की एक पेटी त्याच्या नावाने दहा मिनिटं राखून ठेवायची आणि पैसे आले की ऑर्डर पक्की करायची. डेव्हलपरने मुख्य भाग साधारण असा लिहिला:

```
if status == "captured":
    confirm_order()
else:
    release_stock()
```

पैसे जमा झाले असतील तर ऑर्डर पक्की, नाहीतर पेटी पुन्हा विक्रीला मोकळी. सँडबॉक्समध्ये हे शंभरदा चालवलं तरी शंभरदा बरोबरच चालतं. सगळी गफलत त्या `else` मध्ये दडलेली आहे, आणि ती दाखवण्याचं कोणतंही कारण सँडबॉक्सकडे नाही.

आता साइट सुरू झाली. डोंबिवलीच्या एका गृहस्थांनी दहा वाजता फोनवरून पेटी निवडली. यूपीआय अ‍ॅप उघडलं, त्यांनी पिन टाकला. तिथून निरोप त्यांच्या अ‍ॅपच्या बँकेकडे, मग एनपीसीआयच्या यंत्रणेकडे, मग ज्या बँकेत त्यांचं खातं आहे तिच्याकडे आणि शेवटी पैसे घेणाऱ्याच्या बँकेकडे जातो, आणि उत्तर त्याच साखळीतून उलटं येतं. या साखळीत कुठेही एका दुव्याला वेळेत उत्तर देता आलं नाही, तर मधल्या कोणालाच ठामपणे काही सांगता येत नाही. खात्यातून पैसे वजा झालेले असतात, पण पुढे जमा झाल्याचा निरोप आलेला नसतो. ऑगस्ट २०२३ पासून यूपीआयवर महिन्याला हजार कोटींहून जास्त व्यवहार होत आले आहेत. त्यातला अगदी बारीकसा हिस्सा जरी असा लटकला, तरी ती माणसं संख्येने थोडी नसतात.

गृहस्थ अ‍ॅपमधून ब्राउझरवर परतले. तोवर फोनने मेमरी वाचवण्यासाठी ते पान बंद करून टाकलं होतं, म्हणून ते नव्याने उघडलं. पानाने सर्व्हरला विचारलं, सर्व्हरने पेमेंटची स्थिती तपासली, उत्तर आलं `created`. म्हणजे व्यवहार नोंदला गेलाय, पुढचं माहीत नाही. पण `created` हे काही `captured` नव्हे, म्हणून प्रोग्रॅम `else` मध्ये शिरला, पेटी मोकळी झाली आणि दोन मिनिटांत ठाण्याच्या कोणीतरी ती घेतली. सव्वादहाला बँकेचं उत्तर आलं: पैसे जमा. पेमेंट कंपनीने तसं वेबसाइटला कळवलं, पण तिथे ती ऑर्डर रद्द झालेली होती. डोंबिवलीकरांनी मधल्या वेळात, आधीचं पेमेंट फसलं असं समजून, पुन्हा ३,००० रुपये भरले होते.

या प्रसंगात सर्व्हरच्या लॉगमध्ये एकही चूक नोंदली जात नाही. प्रोग्रॅमने सांगितलं तेच केलं. बिघाड प्रथम कळतो तो फोनवर, ‘पैसे गेले, पण ऑर्डर दिसत नाही’ या वाक्यात. आणि पहिले काही फोन हमखास ‘तुमच्या बँकेला विचारा’ असं सांगून ठेवले जातात.

ही अनिश्चितता अपवाद मानण्यासारखी नाही, हे रिझर्व्ह बँकेच्या नियमांतूनही दिसतं. सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात खास असाच प्रकार धरलेला आहे: ग्राहकाच्या खात्यातून पैसे गेले, पण दुकानदाराला खात्री मिळाली नाही. अशा यूपीआय व्यवहारात व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत पैसे आपोआप परत गेले पाहिजेत, आणि उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. म्हणजे नियामक ज्या उत्तरासाठी पाच दिवस थांबायला तयार आहे, त्याच्यासाठी आपला बिचारा `else` पाच सेकंदही थांबत नाही.

पेमेंट कंपन्यांच्या कागदपत्रांत हे लिहिलेलं असतं, फक्त ते सरावाच्या पानावर नसतं. रेझरपे उघड सांगते की आधी फसलेलं दिसणारं पेमेंट नंतर मंजूर होऊ शकतं. कंपनीकडून येणारे निरोप, ज्यांना वेबहूक म्हणतात, एकापेक्षा जास्त वेळा येऊ शकतात आणि क्रम बदलूनही येऊ शकतात. वेबसाइटने पाच सेकंदांत पोच दिली नाही तर तोच निरोप पुन्हा पाठवला जातो. सँडबॉक्समध्ये एकटा डेव्हलपर एकच ऑर्डर करत असतो. त्याचा सर्व्हर रिकामा असतो, पोच ताबडतोब जाते, म्हणून दुसरा निरोप सहसा येतच नाही. हंगामात, सर्व्हरवर गर्दी असताना, पोच सातव्या सेकंदाला जाते, निरोप दोनदा येतो आणि ‘निरोप आला की पेटी पाठव’ एवढंच लिहिलेलं असेल तर एकाच घरी दोन पेट्या निघतात. उपाय साधा आहे. प्रत्येक निरोपासोबत `x-razorpay-event-id` हा क्रमांक येतो. तो जपून ठेवायचा आणि आधी पाहिलेला क्रमांक पुन्हा आला तर नुसती पोच द्यायची. निरोप आधी नोंदवून पोच लगेच द्यायची आणि पेटीचं काम मागून करायचं, हेही तितकंच महत्त्वाचं.

आणखी एक फरक मराठी ग्राहक असलेल्या दुकानाला विशेष जाचतो. वेबहूक खरोखर कंपनीकडूनच आला आहे हे पडताळायला त्याच्यावर एक गणिती सही असते, आणि ती जसाच्या तसा आलेल्या मजकुरावरून काढलेली असते. काही डेव्हलपर आलेला मजकूर उघडतात, पुन्हा मजकुरात बांधतात आणि त्यावरून सही जुळवतात. चाचणीत ग्राहकाचं नाव `Test User` असतं, तेव्हा बांधलेला मजकूर मुळासारखाच निघतो आणि सही जुळते. मग एखादी ताई निरोपाच्या रकान्यात देवनागरीत ‘गणपतीआधी पाठवा’ असं लिहिते. पाठवणाऱ्याने ‘ग’ हे अक्षर `\u0917` असं लिहून पाठवलं असेल, तर पुन्हा बांधताना त्याच्या जागी नुसता ‘ग’ येतो. अर्थ तोच, पण बाइट वेगळे, आणि सही जुळत नाही. खरा निरोप बनावट ठरवून फेकला जातो. त्रास फक्त देवनागरीत लिहिणाऱ्यांना होतो, त्यामुळे कारण शोधायला वेळ लागतो. म्हणून सही नेहमी हातात आलेल्या कच्च्या मजकुरावर तपासायची, उघडण्याच्या आधी.

काळाचा हिशेब तर सँडबॉक्स मुद्दामच बिघडवतो. अ‍ॅपलच्या सँडबॉक्समध्ये महिन्याची वर्गणी पाच मिनिटांत नव्याने लागू होते आणि वर्षाची एका तासात, कारण चाचणीसाठी कोणी वर्षभर थांबणार नाही. सोय मोठी आहे. पण खऱ्या दुकानात कार्डावरून पैसे निघाले नाहीत तर अ‍ॅपल साठ दिवसांपर्यंत पुन्हापुन्हा प्रयत्न करू शकतं. त्या काळात वर्गणी चालू आहे की बंद, याचं उत्तर पुन्हा तेच: अजून कळलं नाही. पाच मिनिटांच्या महिन्यात हे दोन महिने मावत नाहीत, आणि ज्याने ‘पैसे आले नाहीत, खातं बंद’ असं लिहिलं त्याचे प्रामाणिक ग्राहक कार्डाची मुदत संपली म्हणून बाहेर पडतात.

आंब्याच्या दुकानाचा प्रोग्रॅम दुरुस्त करायचा तर तिसऱ्या उत्तराला त्याची स्वतःची जागा द्यावी लागते:

```
if status == "captured":
    confirm_order()
elif status == "failed":
    mark_attempt_failed()
else:
    check_again_later()
```

`failed` आल्यावरही ऑर्डर रद्द केलेली नाही, फक्त तो एक प्रयत्न फसल्याची नोंद केली आहे, कारण नंतर मंजुरी येऊ शकते. शेवटच्या ओळीत काही मिनिटांनी पुन्हा विचारणा होते. तोवर ग्राहकाला पडद्यावर स्पष्ट दिसायला हवं: ‘बँकेच्या उत्तराची वाट पाहत आहोत, कृपया पुन्हा पैसे भरू नका.’ दुहेरी पेमेंटचे निम्मे प्रसंग या एका ओळीने टळावेत, असं म्हणायला हरकत नाही.

चाचणीही बदलावी लागते. सँडबॉक्स जे करत नाही ते डेव्हलपरला स्वतःच घडवून आणावं लागतं: वेबहूक वीस मिनिटं अडवून ठेवायचा, दोनदा पाठवायचा, ‘मंजूर’च्या आधी ‘जमा’ पाठवायचा, पैसे देता देता ब्राउझर बंद करायचा, नाव देवनागरीत लिहायचं. मग खऱ्या किल्लीवर स्वतःच्याच फोनवरून एक रुपयाचं पेमेंट करून पाहायचं. त्यात एक वेगळाच घोळ उघड होतो: वेबहूकचा पत्ता टेस्ट आणि लाइव्हसाठी स्वतंत्रपणे नोंदवावा लागतो, आणि लाइव्हचा नोंदवायचा राहून गेलेला असतो. गर्दीची चाचणी मात्र या मार्गाने होत नाही. सँडबॉक्सवर हजारो पेमेंट एकदम सोडून पाहण्यातही फायदा नाही, कारण तिथल्या मर्यादा वेगळ्या असतात. स्ट्राइपसारखी कंपनी तर तसं करू नका असं स्पष्ट सांगते.

एवढं करूनही काही निसटतंच, म्हणून रोज रात्री जमाखर्च जुळवायचा. पेमेंट कंपनीच्या यादीत ‘जमा’ असलेलं प्रत्येक पेमेंट आपल्या यादीत पक्क्या ऑर्डरसमोर आहे का? जे नसेल ते सकाळी माणसाने पाहायचं. पेटी विकून झाल्यावर पैसे आले तर काय करायचं, उद्याची पेटी द्यायची की पैसे परत, हे डेव्हलपरने परस्पर ठरवू नये. तो निर्णय बागायतदाराचा. आणि पैसे परत करायचं ठरलं, तर सँडबॉक्समध्ये क्षणात ‘झाला’ दिसणारा परतावा खऱ्या खात्यात दिसायला पाच ते सात कामाचे दिवस लागतात. ग्राहकाला पाठवायच्या संदेशात ‘पैसे परत केले’ एवढंच न लिहिता ते दिवसही लिहावे लागतात.