उभ्या ट्रकचा खर्च

नामपल्लीच्या नुमाइशला सोलापूरहून चादरी घेऊन दहा चाकी ट्रक निघालाय, असं समजू. डिझेल ९६ रुपये लिटर, ॲव्हरेज ४; म्हणजे किलोमीटरला २४ रुपये. दोन लाखांचे टायर ८०,००० किलोमीटर चालले, तर आणखी अडीच. हे खर्च गाडी पळाली तरच होतात. हप्ता ५५,०००, ड्रायव्हरचा पगार २५,००० आणि परमिट, टॅक्स, विम्याचे महिन्यावारी १६,००० मात्र उभ्या गाडीलाही लागतात. हे ९६,००० महिन्याच्या ८,००० किलोमीटरवर वाटले तर १२ रुपये, ४,०००वर २४. एकूण खर्च साडेअडतीस किंवा थेट साडेपन्नास. मालक चिडतो डिझेलवर; गळती असते लोडिंगच्या रांगेत. परतीचं भाडं मिळालं नाही, तर भरल्या किलोमीटरला साडेअडतीसचे ७७ होतात.