एकाच लगद्याचे दोन धागे

रेयॉनचा कुर्ता पिळताना हात आवरता घ्यावा लागतो. रेयॉन म्हणजे बहुधा व्हिस्कोस, आणि भिजल्यावर त्याच्या धाग्यात जेमतेम निम्मी ताकद उरते. लायोसेलचा धागा मुळातच अधिक मजबूत; ओला झाला तरी त्याची सुमारे ८५ टक्के ताकद टिकते. दोन्ही धागे लाकडाच्या लगद्यातल्या सेल्युलोजचेच. मग हा फरक कुठून येतो?

सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या कड्यांची लांबलचक साखळी. ती पाण्यात विरघळत नाही आणि तापवली तर वितळण्याआधीच करपते. धागा काढायचा तर आधी तिचं द्रावण करायला हवं.

क्रॉस, बेव्हन आणि बीडल या इंग्रज रसायनतज्ज्ञांनी १८९२ मध्ये त्यासाठी एक आडवाट शोधली. कल्याणजवळच्या शहाडला रेयॉनचा धागा निघतो तो याच वाटेने. लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवून, पिळून, कुस्करून हवेत मुरवतात. या मुरण्यात ऑक्सिजन साखळ्या तोडतो आणि शेवटी एकेका साखळीत साधारण ३०० कड्या उरतात. साखळ्या आखूड केल्या नाहीत, तर द्रावण फार घट्ट होतं. नंतर त्यात कार्बन डायसल्फाइड मिसळतात. एक किलो सेल्युलोजला सुमारे ३०० ग्रॅम. सेल्युलोजचं रूप बदलतं आणि ते सौम्य सोड्यात विरघळून मधासारखं नारिंगी द्रावण होतं. बारीक छिद्रांतून ते गंधकाम्लात सोडलं की पुन्हा सेल्युलोज होऊन धागा बनतो.

याच टप्प्यावर कार्बन डायसल्फाइड सुटा होतो, सोबत हायड्रोजन सल्फाइडही. पहिला वायू मज्जासंस्थेवर घाव घालतो. जुन्या कारखान्यांत त्याने कामगारांना भ्रम आणि वेडाचे झटकेही आले. आधुनिक कारखाने हे वायू पकडून परत वापरतात, पण सोडा आणि आम्ल एकमेकांत खर्च होऊन सोडियम सल्फेट उरतंच.

लायोसेलमध्ये सेल्युलोजचं रूप बदलावंच लागत नाही. एनएमएमओ नावाचं द्रावक गरम असताना त्याला थेट विरघळवतं. साखळ्या लांब राहतात, ५०० कड्यांच्या आसपास. द्रावण छिद्रांतून आधी हवेत येतं. तिथे धागा ताणला जाऊन साखळ्या एका दिशेने लागतात. मग पाण्यात बुडताच तो घट्ट होतो. साखळ्या लांब आणि सरळ, म्हणून पाणी शिरलं तरी त्यांची पकड सुटत नाही. पाण्यात उतरलेलं द्रावक ९९ टक्क्यांहून अधिक परत मिळतं.

मात्र हे पाणी आटवायला भरपूर ऊर्जा लागते. शिवाय गरम द्रावणात लोहाचा अंश गेला तर एनएमएमओ अनियंत्रितपणे विघटित होऊन स्फोट होऊ शकतो. म्हणून त्यात स्थिरक घालतात. लगद्याचं लाकूड कोणत्या जंगलातून आलं, हा प्रश्न तर दोन्ही धाग्यांना लागू आहे.

साखळ्या एका दिशेने लागल्याचा एक तोटाही आहे: ओलेपणी घासल्यावर लायोसेलच्या पृष्ठभागावरून उभे बारीक तंतू सुटतात. कापड तयार करताना विकरांनी ते काढले नाहीत, तर गडद रंगाच्या शर्टाच्या घड्यांवर काही धुण्यांतच पांढरट झाक दिसू लागते.