आईच्या डबीतले शनिवार-रविवार



मागच्या उन्हाळ्यात आई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे अमेरिकेत आली. वय ७८, हृदयाचे ठोके अनियमित, म्हणून डिगॉक्सिनची गोळी बरीच वर्षं चालू. तिकडच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘रोज एक, आठवड्यातून पाच दिवस.’ मी आयटीतला, वेळापत्रकं लावण्यात आयुष्य गेलेला माणूस. सात खणांची डबी आणली आणि सातही खण भरले. हृदयाला शनिवार-रविवारची सुट्टी कशाला, असं मला वाटलं.

पहिला आठवडा ती अगदी ठणठणीत होती. तिसऱ्या आठवड्यात भूक गेली, मळमळायला लागलं. प्रवासाचा शीण, बदललेलं पाणी, असं आम्ही समजत राहिलो. मग एका संध्याकाळी ती म्हणाली, “अरे, या दिव्याभोवती पिवळं कडं का दिसतंय?” नाडी मोजली तर मिनिटाला ४६. आम्ही थेट इमर्जन्सीत गेलो. तिथे रक्त तपासलं, तर डिगॉक्सिन जास्त झालेलं होतं. क्रिएटिनिनही थोडं वाढलेलं होतं, म्हणजे किडनीचं काम मंदावलेलं.

घोटाळा कुठे झाला, ते नीट समजायला मला दोन दिवस लागले. शरीर औषध बाहेर टाकतं ते ‘रोज इतके मिलिग्रॅम’ अशा हिशेबाने नाही. बहुतेक औषधांच्या बाबतीत, जेवढं आत असेल त्याचा ठरावीक वाटा बाहेर जातो. आत असलेल्यातलं निम्मं जायला जो वेळ लागतो, त्याला म्हणायचं अर्धायुष्य. पॅरासिटामॉलचं अर्धायुष्य दोन-तीन तासांचं. म्हणून ताप असेल तर ती गोळी चार-सहा तासांनी पुन्हा घ्यावी लागते. डिगॉक्सिनचं अर्धायुष्य किडनी चांगली असताना दीड ते दोन दिवसांचं असतं, त्यामुळे दिवसाला एक गोळी पुरते. (सगळीकडे हा नियम लागू होत नाही. ॲस्पिरिन रक्तातून लगेच जातं, पण प्लेटलेट्सवरचा परिणाम कित्येक दिवस राहतो.)

आता दोन दिवसांचं अर्धायुष्य धरू आणि रोज एक गोळी देऊ. दुसऱ्या दिवशी कालच्या गोळीतलं साधारण ७१ टक्के आतच असतं, त्यावर नवी एक, म्हणजे झाल्या १.७१ गोळ्या. तिसऱ्या दिवशी २.२. साठा वाढतो तसं बाहेर जाणारंही वाढतं. जेव्हा रोज जाणारं औषध बरोबर एका गोळीइतकं होतं, तेव्हा वाढ थांबते. इथे ती गोळी घेतल्यावर ३.४ गोळ्यांच्या आसपास थांबते, आणि तिथे पोचायला आठ-दहा दिवस लागतात.

डिगॉक्सिन मुख्यतः किडनीवाटे बाहेर पडतं. किडनी थकली की अर्धायुष्य लांबतं. ते चार दिवसांचं झालं, तर रोजच्या त्याच एका गोळीचा साठा ६.३ गोळ्यांपर्यंत चढतो. म्हणजे गोळी तीच, वेळ तीच, आणि शरीरात औषध जवळपास दुप्पट. डिगॉक्सिनमध्ये उपयोगी पातळी आणि विषारी पातळी यांत अंतर फार थोडं, म्हणून हे महागात पडतं.

तिकडच्या डॉक्टरांनी ‘पाच दिवस’ लिहिलं होतं ते याच हिशेबाने. भारतात ही पद्धत बरीच रूढ आहे. पाचाच्या सात केल्यावर मी आईचा आठवड्याचा डोस ४० टक्क्यांनी वाढवला, आणि साठाही शेवटी तेवढाच वाढणार होता. पण एकदम नाही. अर्धायुष्य चार दिवसांचं धरलं, तर वाढीतली निम्मी चार दिवसांत होते, पाऊण आठ दिवसांत, आणि जवळजवळ सगळी सोळा दिवसांत. म्हणून पहिल्या आठवड्यात ती बरी होती, आणि त्रास सुरू होईपर्यंत डबीचा संशयही कुणाला आला नाही.

उतरतानाही तोच वेग. गोळी बंद केल्यावर चार दिवसांनी साठा निम्मा, आठ दिवसांनी पाव. आई तीन रात्री हॉस्पिटलच्या मॉनिटरवर होती. मळमळ थांबून ती वरण-भात मागायला लागली, तोवर आठवडा उलटला होता.

सुट्टी देताना इथल्या डॉक्टरांनी गोळीची मात्रा निम्मी केली आणि पुढची तपासणी तीन आठवड्यांनी ठेवली. मी विचारलं, “उद्या-परवाच का नाही बघत?” ते म्हणाले, “नवी पातळी स्थिर व्हायच्या आधी मोजली, तर तो आकडा आपल्याला फसवेल.” शिवाय गोळी घेतल्यावर निदान सहा तास जाऊ द्यायचे आणि मगच रक्त द्यायचं. त्याआधी औषध रक्तातून हृदयाच्या स्नायूत पुरतं उतरलेलं नसतं, आणि पातळी उगाच जास्त दिसते. हे ऐकल्यापासून आई तपासणीच्या दिवशी सकाळची गोळी पदराला बांधून नेते आणि रक्त देऊन झाल्यावर घेते.